खुर्ची बावीस इंचांची

सभागृहाच्या फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा असतो, दुसरा पार्किंगचा आणि तिसरा, ‘किती खुर्च्या बसतात हो तुमच्याकडे?’ पहिल्या दोहोंची उत्तरं मी एका दमात देतो. तिसऱ्याला ‘कोणत्या खुर्च्या?’ असं उलट विचारलं की पलीकडचा माणूस वैतागतो. गेल्या महिन्यात एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या चिटणिसांनी मात्र वैतागण्याऐवजी हॉलच्या क्षेत्रफळाचं गणित करून, खाली रेघ ओढून, सहीनिशी पाठवलं. बँकेत उभी हयात गेलेले गृहस्थ, आकडेमोड चोख. त्यांना मी पाठवलेलं उत्तर नावगाव काढून, त्यांना विचारून, इथे देतो आहे. हाच प्रश्न आणखी पुष्कळांना पडत असणार.

आदरणीय काका,

सादर नमस्कार. वर्धापनदिनाच्या भावगीतांच्या कार्यक्रमासाठी तुम्ही मागितलेली रविवारची तारीख मी रजिस्टरमध्ये पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. पेन्सिलीने अशासाठी, की ४०० खुर्च्यांना मी होकार देऊ शकत नाही. कारण वाचून झाल्यावर ती तारीख शाईने करायची की खोडायची, हे तुम्ही कळवा.

तुमचा हिशोब असा आहे. हॉल आतून ७० फूट लांब, ४० फूट रुंद, म्हणजे २८०० चौरस फूट. माणशी सात चौरस फूट लागतात, म्हणून ४०० माणसं. भागाकार बरोबर आहे. सातचा आकडाही कुणी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत टेबलं न मांडता नुसत्या सुट्या खुर्च्या मांडल्या, तर माणशी सात चौरस फूट धरतात. टेबलं असली की पंधरा. पण तिथेच दोन गोष्टी लिहिलेल्या असतात आणि त्या आकड्याबरोबर सहसा प्रवास करत नाहीत. एक, हे सात फूट निव्वळ जागेचे, म्हणजे प्रेक्षक ज्या भागात प्रत्यक्ष बसतात तेवढ्याच भागाला लावायचे. आणि दुसरी, हा आकडा दारं पुरतात का हे तपासायला काढलेला आहे. ‘एवढी माणसं आत असू शकतात असं समजा आणि त्या मानाने बाहेर पडायची सोय ठेवा’, एवढंच तो सांगतो. एवढी माणसं दोन तास गुडघे दुमडून, शेजाऱ्याचा कोपर न लागता गाणी ऐकतील, अशी हमी त्यात नाही.

आता आपल्या हॉलची लांबी घेऊ. एका टोकाला १४ फूट स्टेज आणि त्याच्या विंगा, त्या पूर्ण रुंदीला. तिथे गायक आणि वादक बसतील. श्रोत्यांच्या हिशोबातून ते १४ फूट गेले. स्टेजपासून पहिल्या रांगेपर्यंत मी सहा फूट मोकळे ठेवतो. दीपप्रज्वलनाला पाहुणे तिथूनच वर चढतात, सत्काराच्या शाली-श्रीफळांची ये-जा तिथून होते आणि फोटोवाला कार्यक्रमभर तिथेच वाकून फिरतो. शेवटच्या रांगेमागे दोन मुख्य दारं आहेत, तिथेही सहा फूट. हॉलच्या मध्यावर डाव्या हाताला बाजूचं दार आहे. त्या दारासमोर खुर्च्या मांडल्या तर दार असून नसल्यासारखं, म्हणून तिथे पाच फुटांचा आडवा पॅसेज. सत्तरातून १४, ६, ६ आणि ५ वजा करा. रांगांसाठी ३९ फूट उरतात.

रांग म्हणजे किती फूट? इथे बहुतेकांची चूक होते. खुर्चीची खोली मोजतात आणि वर थोडी फट धरतात. आम्ही पाठीपासून पाठीपर्यंत मोजतो: पुढच्या खुर्चीच्या पाठीपासून मागच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत तीन फूट, म्हणजे ३६ इंच. तुम्हाला हव्या आहेत त्या हातांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आमच्याकडच्या मापाने पुढून मागे २२ इंच भरतात. उरलेले १४ इंच ही माणसाची वाट, आणि त्यातही बसलेल्याचे गुडघे पुढे आलेले असतात. दुसरा कुणी पुढून जाऊ लागला की बसलेल्याला गुडघे एका बाजूला वळवावे लागतात. तुमच्या सभासदांपैकी ज्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना उभंच राहावं लागेल. तीन फुटांऐवजी अडीच फूट धरले, तर फट आठ इंचांची होते. आठ इंचांतून कुणी जात नाही. खुर्च्या सरकवून वाट केली जाते आणि तिथून पुढे सगळ्याच रांगा वाकड्या होतात.

तीन फुटांच्या हिशोबाने ३९ फुटांत १३ रांगा बसतात. आडव्या पॅसेजच्या पुढे सात आणि मागे सहा.

आता रुंदी. ४० फुटांतून मधला पॅसेज पाच फूट, दोन्ही भिंतींच्या कडेचे पॅसेज चार-चार फूट. एकूण १३ फूट वजा. राहिले २७, म्हणजे मधल्या पॅसेजच्या दोन्ही हातांना साडेतेरा फुटांची एकेक पट्टी. इंचात १६२. हातांच्या खुर्चीची रुंदी बावीस इंच. ही रुंदी बसायच्या जागेवर मोजू नका, तिथे खुर्ची अठराचीच दिसते. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय खाली फाकलेले असतात आणि हात बाहेर झुकलेले. जिथे ती सगळ्यात रुंद आहे तिथे टेप लावायचा. १६२ भागिले २२, सात खुर्च्या आणि वर आठ इंच शिल्लक. ते आठ इंच मी मुद्दाम सोडून देतो, कशासाठी ते पुढे सांगतो. दोन्ही पट्ट्या मिळून रांगेला १४ खुर्च्या, १३ रांगांना १८२.

१८२ हाही शेवटचा आकडा नाही. ध्वनिव्यवस्थेचं टेबल सहा फुटांचं, त्यामागे माणूस बसणार, म्हणजे मागच्या दोन रांगांतल्या चार-चार खुर्च्या गेल्या. चाकांच्या खुर्चीवरून येणारे दोघं आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांची जागा आडव्या पॅसेजलगत, बाजूच्या दाराजवळच्या आठव्या रांगेत करू. चाकांची खुर्ची दोन साध्या खुर्च्यांएवढी जागा घेते आणि चार फूट लांब असल्यामुळे एक फूट पॅसेजमध्ये येते. तो पॅसेज चारऐवजी पाच फुटांचा ठेवण्याचं हेही एक कारण. तेव्हा १८२ मधून आठ आणि चार गेल्या. १७०.

चारशेवरून एकदम १७० वर आल्यावर तुम्ही कागद बाजूला ठेवला असेल, याची मला कल्पना आहे. चहा घ्या आणि पुढे वाचा.

मधला पॅसेज काढला तर? हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. कडेच्या पॅसेजांमध्ये मग ३२ फूट सलग मिळतात, त्यात १७ खुर्च्या बसतात. रांगेमागे तीन वाढल्या, १३ रांगांना ३९. मोह होण्यासारखाच आकडा. पण मग रांगेच्या मधोमध बसलेल्या आजींना बाहेर पडायला आठ माणसं ओलांडावी लागतात. परदेशी नियमांत रांगेच्या दोन्ही टोकांना पॅसेज असेल तर चौदा खुर्च्या आणि एकाच टोकाला असेल तर सात, असा ठोकताळा आहे. रांगांमधली फट वाढवली तर त्यात थोडी सूट मिळते. सतरा खुर्च्या त्यात बसत नाहीत. उलट कडेचे पॅसेज काढून खुर्च्या भिंतीला टेकवल्या तर प्रत्येक पट्टीत नऊ मावतात आणि भिंतीकडे तोंडं बंद होतात. म्हणजे जिथे सात चालल्या असत्या तिथे नऊ. आताच्या मांडणीत सातांच्या रांगेला दोन्हीकडून वाट आहे. मधल्या खुर्चीवरच्या माणसालाही कुठल्याही बाजूने तिघांपलीकडे जावं लागत नाही. लघवीला वरचेवर उठावं लागणाऱ्या वयाच्या मंडळींचा कार्यक्रम आहे काका, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आता त्या आठ इंचांबद्दल. आमच्या हॉलची फरशी गुळगुळीत आहे. सुटी खुर्ची तिच्यावर बसल्या जागी सरकते. ओळखीचं कुणी मागे दिसलं की माणूस खुर्ची तिरकी करून बोलतो, मांडी घालताना ती मागे ढकलतो, पर्स ठेवायला दोन खुर्च्यांमध्ये फट पाडतो. एका कार्यक्रमात मी मध्यंतराला टेप घेऊन मधला पॅसेज मोजला होता. सुरुवातीला पाच फुटांचा असलेला पॅसेज साडेतीन फुटांवर आला होता, आणि एकही जादा खुर्ची कुणी टाकलेली नव्हती. तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. कार्यक्रमाच्या सकाळी फरशीवर खडूने पॅसेजच्या रेघा मारून घेतो आणि काठाची खुर्ची रेघेच्या थोडी आत ठेवायला लावतो. आणि तीन-तीन खुर्च्यांचे पाय प्लास्टिकच्या पट्टीने एकमेकांना बांधतो. ज्यांचे नियम मी वर सांगितले, ते दोनशेच्या वर माणसं असली की सुट्या खुर्च्या किमान तीनच्या गटांनी जोडायला सांगतात. आम्ही त्याच्या आतच बांधतो. बांधलेली खुर्ची उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हा त्यातला खरा फायदा.

कारण ‘आणखी चार खुर्च्या टाका’ हे वाक्य कार्यक्रम सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी येतंच. उशिरा आलेली मंडळी साहजिकच महत्त्वाची असतात. चार खुर्च्या मधल्या पॅसेजमध्ये पडतात, मग त्यांच्या मागे आणखी चार. मीही पूर्वी टाकू दिल्या आहेत. सात-आठ वर्षांपूर्वी अशाच भरलेल्या कार्यक्रमात चौथ्या रांगेतल्या एका आजोबांना घेरी आली. त्यांना धरून दाराकडे न्यायचं, तर पॅसेजमध्ये अकरा खुर्च्या आणि त्यावर अकरा माणसं. माणसं उठली, पण खुर्च्या कुठे ठेवणार? डोक्यावरून एकेक मागे पोचवाव्या लागल्या. आजोबांना पाणी दिल्यावर बरं वाटलं, ते दुसऱ्या दिवशी फोन करून हसलेही. मी नाही हसलो. त्या दिवशी पॅसेजमध्ये खुर्च्या टाकायला होकार मीच दिला होता.

याहून मोठं उदाहरण सगळ्या देशाला माहीत आहे. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या ग्रीन पार्कमधल्या उपहार चित्रपटगृहात आग लागली. ‘बॉर्डर’चा खेळ चालू होता. आग खाली, रोहित्राच्या खोलीकडून लागली, पण ५९ माणसं गेली ती मुख्यतः वर, बाल्कनीत, धुराने गुदमरून. नंतर न्यायालयांत जे बाहेर आलं त्यात खुर्च्यांचा हिशोब होता. बाल्कनीत मूळ आराखड्यापेक्षा जादा खुर्च्या बसवल्या होत्या, त्यासाठी उजवीकडची वाट बुजवली होती आणि त्याच बाजूचं बाहेर जायचं दार एका खासगी बॉक्सने अडलं होतं. वाढीव खुर्च्यांपैकी काहींना सरकारी कागदावर परवानगीही मिळालेली होती. म्हणून कुणी मला ‘आम्ही परवानगी आणतो’ असं म्हणालं की मला ती उजवी बाजू आठवते. कागदाने खुर्चीला जागा मिळते, माणसाला वाट मिळत नाही.

तुमच्या सात चौरस फुटांकडे परत येतो, कारण तो आकडा तुम्हाला खोटा वाटावा अशी माझी इच्छा नाही. स्टेज, पुढची आणि मागची मोकळी जागा सोडली तर आपल्या हॉलमध्ये ४४ बाय ४० म्हणजे १७६० चौरस फूट उरतात. त्याला सातने भागलं की २५१ येतात. आता आडवा पॅसेज क्षणभर विसरा आणि बँक्वेट हॉलमध्ये असते तशी अठरा इंचांची, बिनहाताची खुर्ची घ्या. ती एकमेकींना चिकटवली तर १६२ इंचांत बरोब्बर नऊ बसतात. रांगेला १८, चव्वेचाळीस फुटांत १४ रांगा, एकूण २५२. म्हणजे सातचा आकडा जिथे लावायचा तिथे लावला तर खरा ठरतो. खुर्चीखालची जागा साडेचार चौरस फूट, उरलेले अडीच त्या माणसाच्या वाट्याचा पॅसेज. हातांची खुर्ची आली की खालचीच जागा साडेपाच होते, आणि सात खुर्च्यांनंतरचे आठ इंच वाया जातात. अपूर्णांकातली खुर्ची कुणी बनवत नाही, त्यामुळे क्षेत्रफळाचा भागाकार नेहमी थोडा जास्तच आश्वासन देतो. रुंदीचा वेगळा आणि लांबीचा वेगळा भागाकार करून, दोन्हींची उरलेली बाकी सोडून, मग गुणाकार केला की खरा आकडा येतो.

चिकटवलेल्या अठरा इंचांत माझ्यासारखा माणूस बसला तर त्याचे खांदे शेजाऱ्याच्या हद्दीत जातात. आम्ही बिनहाताच्या खुर्चीला वीस इंच धरतो. त्यावर लग्नातली खोळ आणि मागे रिबिनीचा फुगा असेल, तर रांगेचं मापही दोन-तीन इंचांनी वाढवावं लागतं. मंडपवाले हे कधी सांगत नाहीत, त्यांना खुर्च्या मोजून भाडं मिळतं. तुम्ही खोळी घेऊ नका.

एक सुचवतो. आडव्या पॅसेजच्या पुढच्या सात रांगा हातांच्या खुर्च्यांच्या ठेवू. उठताना हाताचा आधार ज्यांना लागतो ते तिथे बसतील. मागच्या सहा रांगांना बिनहाताच्या, वीस इंचांच्या हिशोबाने. त्यांच्या प्रत्येक पट्टीत आठ बसतात. पुढे ९८, मागे ९६, एकूण १९४. ध्वनीचं टेबल आणि दोन चाकांच्या खुर्च्या वजा करून १८२. बारा खुर्च्यांचा फायदा, आणि कुणाचीही वाट न अडवता.

स्टेजसमोरच्या सहा फुटांत सतरंजी घालून नातवंडांना बसवावं, अशीही तुमची सूचना आहे. मांडी घालून बसलेला माणूस खुर्चीपेक्षा कमी जागा घेतो हे खरं. पण ती वाट सत्काराची आणि घेरी आलेल्याला बाहेर काढायचीही आहे. नातवंडांना मागे बसवा. तशीही ती पहिल्या गाण्यानंतर बाहेर पळतील.

तुमचे सभासद २३० आणि प्रत्येकी दोन पास धरले, तर ४६० पास छापले जातील. सगळे येणार नाहीत, पण किती येणार नाहीत याचा अंदाज तुम्हीच बांधू शकता. मी तो बांधला तर तो नेहमी चुकतो. हळदीकुंकू किंवा लग्नाचं स्वागत असतं तर मी जास्त पासांना हरकत घेतली नसती, तिथे माणसं येत-जात राहतात. गाण्याच्या कार्यक्रमाला सगळे एकाच वेळी बसलेले असतात. तेव्हा दोन मार्ग आहेत. एक, दोन खेळ: दुपारी चारला आणि साडेसातला. दोन्ही मिळून ३६४ जागा होतात, म्हणजे तुमच्या चारशेच्या बऱ्याच जवळ. हॉलचं भाडं दिवसाचं असल्यामुळे माझ्याकडून वाढ नाही. कलाकारांशी तुम्हाला बोलावं लागेल. दुसरा, एकच खेळ ठेवून पासावर रांग आणि खुर्चीचा क्रमांक छापायचा आणि १८२ वर थांबायचं. क्रमांक छापले की दारावर भांडण कमी होतं, हा अनुभव आहे. ‘राखीव’ असा कागद खुर्चीला चिकटवलेला मात्र नको. तो पहिल्या पाच मिनिटांत उडतो आणि त्या खुर्चीवर बसलेला माणूस कुणाचा तरी व्याही निघतो.

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवा असं म्हणत नाही. येत्या शनिवारी सकाळी दहाला हॉल मोकळा आहे. टेप आणि खडू मी आणतो. तुमच्या घरातली एक हातांची खुर्ची आणि संघाचे दोन सभासद बरोबर घेऊन या, त्यातले एक काठी घेऊन चालणारे असले तर उत्तम. आपण दोन रांगा तीन फुटांनी आणि दोन रांगा अडीच फुटांनी मांडू, काठीवाल्या काकांना दोन्हींतून चालवून बघू. मग मी पेन हातात घेतो.

आपला नम्र,
व्यवस्थापक

ता. क. बाजूच्या दाराबाहेर तुमच्या मंडपवाल्याला चहाचं टेबल लावायचं आहे, असं त्याने काल मला फोनवर सांगितलं. ते टेबल मागच्या अंगणात जाईल. त्या दाराबाहेर काहीही ठेवायचं नाही.